दोन खांब (लघुकथा): व्यापारातल्या मंडळींनी हिशेब तपासून द्यावा

गंगावेस

बऱ्याच दिवसांनी कथा लिहिली आहे. माणसं आणि आकडे माझे, पण असा कागद मी स्वतः एका दुकानात पाहिला आहे. शेवटाबद्दल माझ्या मनात शंका आहे, ती खाली लिहिते.

शांताकाकीचं दुकान कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, बोळाच्या तोंडाशी. पुढं किराणा, मागं माळ्याखाली तेलाचे डबे. किरकोळ गिऱ्हाईक दिवसभर येत राहतं, पण दुकान तरतं ते डब्यांवर. दोन खानावळी, एक मिसळवाला आणि संध्याकाळी लागणाऱ्या भज्यांच्या तीन गाड्या मिळून आठवड्याला तीसएक डबे सरकीचे जातात. डब्यामागं सुटतात चाळीस रुपये.

२०२४ च्या सप्टेंबरची अखेर. नवरात्र बसायला चार-पाच दिवस होते. १४ सप्टेंबरला सरकारनं बाहेरून येणाऱ्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं होतं आणि बाजार एका रात्रीत चढला होता. सरकी इथलीच, पण पाम आणि सोयाबीन महागलं की तिलाही ताप चढतो. काकी माल घ्यायची त्या लक्ष्मीपुरीतल्या शेठनी फोनवर डब्याला २,१०० सांगितले, तेव्हापासून काकीच्या डोक्यात तोच आकडा फिरत होता.

अशा वेळी तो पोरगा आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात रंगीत कागद.

"काकी, जास्त वेळ घेत नाही. नुसतं हे बघा."

कागदावर दोन खांब होते. एक लाल, उंच, त्याच्यावर 'बाजारभाव २,१००'. शेजारी हिरवा, बुटका, 'आमचा भाव २,०४०'. खाली लिहिलं होतं, 'प्रति डबा, सरकी तेल'.

"शंभर डबे आज बुक केलेत तर दिवाळीपर्यंत हाच दर. बाजार कुठंही जाऊ दे."

काकीचा पुतण्या विकी गल्ल्यावर बसला होता. त्यानं मान लांब करून बघितलं. "काकी, चौपट फरक हाय की ओ!"

"चौपट?" काकी म्हणाली. "लक्ष्मीपुरीच्या चौथाईत डबा मिळाला तर पाचशेला पडंल. ह्यो तर दोन हजार चाळीस म्हणतोय."

तिनं कागद हातात घेऊन परत बघितला. डोळ्याला चौपटच दिसत होतं. दुकान हातात यायच्या आधी काकीनं बारा वर्षं ब्लाऊज शिवले होते, आणि टेप अजून खिळ्याला लटकलेला असायचा. तो काढून तिनं लाल खांबाला लावला. आठ सेंटिमीटर. हिरव्याला लावला. दोन.

"विकी, ह्या कडंला बारीक काय लिवलंय बघ. मला दिसंना."

"सगळ्यात खाली २,०२० आहे. मग वर ३०, ४०, असं दहा-दहानं."

"म्हंजे ह्यो खांब जमिनीवर उभाच न्हाई. दोन हजार वीस रुपयं कापून टाकल्यात आणि वरचं तेवढं दाखवलंय. लालातलं उरलं ऐंशी, हिरव्यातलं वीस. म्हणून चौपट."

पोरगा हसला. "काकी, आकडे तर खरे लिहिलेत की वर."

"आकडं खरं हाईत. थांब, मी काढून बघतो."

तिनं वहीच्या पाठकोऱ्या पानावर आठ सेंटिमीटरचा खांब काढला आणि त्याच्या डोक्यावर २,१०० लिहिलं. त्याच मापानं २,०४० चा खांब केवढा होईल ते विकीनं मोबाईलवर काढलं. ७.७७. काकीनं दोन्ही शेजारी उभे केले. फरक उरला काडेपेटीतल्या काडीच्या जाडीएवढा.

"पण साठ रुपये तर खरेच ना काकी? शंभर डब्यांचे सहा हजार."

"व्हय. साठ रुपयं थोडं न्हाईत," काकी म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. "मला डब्यामागं सुटत्यातच चाळीस. डबा आणलायस का नमुन्याला?"

त्यानं गाडीवरून डबा आणला. काकीनं तो कडीला धरून उचलला आणि परत खाली ठेवला. मग मागचा एक डबा उचलून बघितला. इतकी वर्षं डबे उचललेल्या हाताला काहीतरी लागलं होतं. तिनं दोन्ही डबे काट्यावर ठेवले. तिचा भरला १६ किलो ५० ग्रॅम. त्याचा १४ किलो ७००.

"विकी, वाच."

डब्यावर मोठ्या अक्षरात होतं, '१५ लिटर'. त्याच्या खाली बारीक, 'निव्वळ वजन १३.६५ किलो'. काकीच्या डब्यावर होतं, '१५ किलो'.

"लाल खांब कुठल्या डब्याचा?"

पोरगा कागदाकडं बघत राहिला. "बाजारात चालतो तो. पंधरा किलोचा."

"आणि हिरवा?"

तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "काकी, कागद ऑफिसनं दिलाय. मी नुसता दाखवतो."

विकीनं भागाकार केले. २,१०० भागिले १५, किलोला १४० रुपये. २,०४० भागिले १३.६५, किलोला १४९ रुपये ४५ पैसे. काकीनं पानावर आणखी एक जोडी काढली, या वेळी किलोच्या दराची. लाल आठ सेंटिमीटर, हिरवा साडेआठच्या किंचित वर. हिरवाच उंच निघाला.

पोरानं चहा घेतला. निघताना त्यानं विचारलं, "काकी, हे तुम्ही काढलेलं पान मला देता का? ऑफिसात दाखवतो."

काकीनं पान फाडलं, घडी घातली, आणि ते हातात धरून ती थोडा वेळ उभी राहिली.

इथं मी थांबले आहे. तिनं पान द्यावं की नाही, मला ठरवता येत नाही. दिलं तर ऑफिस कागद सुधारेल, की वजनाची ओळ आणखी बारीक करेल? आणि पोराचं काय होईल? व्यापारातल्या लोकांनी हिशेबातल्या चुकाही सांगा, अगदी बारीक असल्या तरी.

---

पेठेतली लेक

"मी काढून बघतो" वाचलं आणि आई आठवली. आमच्या पेठेतल्या बायका अशाच बोलतात, "येतो", "जातो", "करतो". बाहेरच्या माणसाला चूक वाटेल, कुणी सांगितलं तरी बदलू नकोस.

टेपची जागा फार आवडली. ब्लाऊज शिवणारी बाई डोळ्यावर विश्वास ठेवत नाही, टेप लावते. मी तर पान द्यावं म्हणते.

---

सरळरेषा

चांगली कथा. यातला नियम साधा आहे: ज्या आलेखाची उभी रेघ शून्यापासून सुरू होत नाही, तो आलेख खोटा. वर्तमानपत्रात, टीव्हीवर, शेअरबाजाराच्या ॲपवर, सगळीकडे हेच चालतं. शून्य दिसलं नाही की कागद परत करायचा, एवढं विकीला शिकवलं तरी पुरे.

---

आकडेमोड

सरळरेषा, खांबांपुरतं तुमचं बरोबर आहे, पण प्रत्येक आलेखाला हा नियम लावलात तर दुकानदाराचं नुकसान होईल.

खांबात आपला डोळा लांबी वाचतो. खांबाची लांबी म्हणजेच रक्कम, असा न बोललेला करार असतो. तळ कापला की करार मोडतो, कारण चौपट लांबी दिसते आणि रक्कम चौपट नसते. काकीनं टेपनं मापलं ती याच कराराची तपासणी होती. कागदावर गुणोत्तर ४ ला १, आकड्यांत १.०३ ला १. ही दोन गुणोत्तरं शेजारी ठेवली की आणखी काही शिकावं लागत नाही.

रेषेचं तसं नसतं. रोजचा तेलाचा दर ठिपक्यांनी मांडून जोडला, तर डोळा लांबी वाचत नाही, चढ-उतार वाचतो. तो आलेख शून्यापासून काढलात तर २,०४० आणि २,१०० मधला फरक सपाट दिसेल, आणि ज्याला डब्यामागं चाळीस रुपये सुटतात त्याच्यासाठी तो सपाट नाही. तिथं तळ २,००० ला ठेवणं योग्यच. फक्त बाजूचे आकडे वाचता येतील एवढे मोठे हवेत, आणि तारखांमधलं अंतर सारखं हवं.

म्हणून मला कथेतली सगळ्यात चांगली ओळ "साठ रुपयं थोडं न्हाईत" ही वाटली. खांब सरळ केल्यावर फरक काडीएवढा दिसला, म्हणजे तो क्षुल्लक झाला असं काकी म्हणत नाही. साठ रुपये मोठे की छोटे, हे २,१०० शी ताडून ठरत नाही. तिच्या चाळीसशी ताडून ठरतं.

---

सरळरेषा

रेषेचं पटलं. पण मग शेअरबाजाराच्या ॲपवरची रेषाही बरोबरच म्हणायची का? तिथं अर्ध्या टक्क्याची घसरण कड्यासारखी दिसते आणि लोक घाबरून विकतात. हे काही मला पटत नाही.

---

चूल_आणि_मूल

सरकीपेक्षा लाकडी घाण्याचं शेंगतेल केव्हाही चांगलं. आम्ही दोन वर्षांपासून तेच वापरतो. कोल्हापुरात खात्रीचा घाणा कुठं आहे? किलोचा दर काय चाललाय? आणि घाण्याचं तेल डब्यात किती महिने टिकतं?

---

गंगावेस

चूल_आणि_मूल, घाण्याबद्दल पाककृती विभागात वेगळा धागा काढा, तिथं माहितगार मंडळी आहेत. एक मात्र इथलंच सांगते: घाण्यावर बाटली घेताना लिटर आणि किलो बघून घ्या. काकीचीच गोष्ट तिथंही लागू होते.

---

जुना_अडत्या

लक्ष्मीपुरीत तीस वर्षं तेल विकलं, आता मुलगा बघतो. म्हणून दोन शब्द.

वजनाचं गणित बरोबर जमलंय. लिटरला ९१० ग्रॅम धरून १५ लिटरचे १३.६५ किलो होतात, आणि रिकामा पत्र्याचा डबा किलोभराचा असतो, म्हणजे काट्यावरचे आकडेही बसतात. हाताला फरक कळतो हेही खरं. आमचा हमाल डबा खांद्यावर घेताना सांगायचा, "शेठ, ह्यो लिटरवाला."

आता काकीला माहीत नसेल अशी एक गोष्ट. तेल तापलं की फुगतं. त्यामुळं एक लिटर तेलाचं वजन किती, हे कुठल्या तापमानाला मोजलं त्यावर ठरतं. सोयाबीनचं एक लिटर २१ अंशाला ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशाला ८९२.६ ग्रॅम. काही उत्पादक पाकिटावर लिटरच्या शेजारी ६० अंश छापायचे. लिटरमागं सव्वीस ग्रॅम कमी भरून कागदोपत्री एक लिटर पूर्ण. पंधरा लिटरच्या डब्याला हे चारशे ग्रॅमच्या आसपास जातं. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं उत्पादकांना सांगितलं की तापमान न लिहिता माप छापा आणि सोबत वजनही छापा. म्हणून आज डब्यावर किलोची ओळ सापडते. ती ओळ बारीक असली तरी तीच वाचायची. ग्रॅम तापमानानं बदलत नाहीत.

आता चूक. काकीनं दोन प्रश्न विचारलेच नाहीत, आणि तीस डबे विकणारी बाई ते विचारल्याशिवाय राहणार नाही. पहिला, दर जीएसटी धरून की सोडून? खाद्यतेलाला पाच टक्के आहे. एक दर धरून आणि दुसरा सोडून असेल तर शंभर रुपयांचा फरक तिथंच पडतो. दुसरा, स्कीम काय? नवीन पुरवठादार कधी नुसता दर घेऊन येत नाही. वीस डब्यांवर एक फुकट दिला तर डबा १,९४३ ला पडतो, किलोला १४२ रुपये ३३ पैसे. म्हणजे तरीही लक्ष्मीपुरीच स्वस्त. पण दहावर एक दिला तर किलो १३६ च्या आत येतो, आणि मग तो पोरगा खरंच स्वस्त देतोय. कागद फसवा असला म्हणून सौदा वाईटच असतो असं नाही. काकीनं पान काढून त्याला गप्प केलं तिथं सौदा संपला, हे मला खटकलं.

---

गंगावेस

अडत्याकाका, हे फार उपयोगाचं आहे. माझ्या डोक्यात दोन्ही दर जीएसटीसकट होते, पण कथेत तसं कुठंच लिहिलेलं नाही. घालते. स्कीमचा विचार मी केलाच नव्हता. काकीच्या तोंडी "वर काय देतोस?" हा प्रश्न हवा, आणि त्याचं उत्तर काय असावं हे मला ठरवावं लागेल. उत्तर "वीसवर एक" असेल तर हिशेब पुन्हा काकीच्या बाजूनं जातो, पण अगदी थोडक्यात. तसंच बरं वाटतंय.

---

शिरोळकर

माझा अनुभव उसाचा आहे, तेलाचा नाही, पण जात तीच.

मागं एक जण फवारणीचं औषध घेऊन गावात आला. टॅबवर दोन खांब. 'औषधाविना' आणि 'औषधासह'. दुसरा खांब पहिल्याच्या अडीचपट. एकरी टनेज लिहिलं होतं ३८ आणि ४१. आम्ही खांब बघितले, आकडे बघितले नाहीत. मी सहा एकराला औषध घेतलं. ऊस गेला तेव्हा नेहमीसारखाच गेला.

आता ही कथा वाचून वहीत मांडून बघितलं. तळ ३६ ला धरला तर २ आणि ५, म्हणजे बरोबर अडीचपट. त्यानं तेच केलं असणार. पण मला पुढचा प्रश्न पडला. माझ्याच दोन शेजारच्या तुकड्यांत, एकाच लागणीला, एकाच खताला, तीन-चार टनाचा फरक दर वर्षी पडतो. एकात पाणी जरा जास्त थांबतं. मग ३८ आणि ४१ हा फरक औषधाचा की रानाचा, हे खांब शून्यापासून काढला असता तरी कळलं असतं का?

---

आकडेमोड

शिरोळकर, नसतं कळलं. हा प्रश्न खांबाच्या तळापेक्षा मोठा आहे. काकीच्या २,०४० आणि २,१०० या सांगितलेल्या किमती आहेत, त्यात डळमळ नाही. तुमचे ३८ आणि ४१ हे मोजून आलेले आकडे आहेत, आणि त्यांच्या मागं किती तुकडे होते, ते एकमेकांपासून किती हलले, हे खांब सांगत नाही. त्या माणसाला एवढंच विचारायचं होतं: किती रानांत बघितलं, आणि औषध न मारलेल्या रानांत आपापसात किती फरक होता? तो फरक तीन टनाचा असेल तर तुमच्या खांबांना काही अर्थ उरत नाही.

---

कळफलक

पोराच्या बाजूनं एक सांगतो. मी दिवसभर एक्सेलमध्ये काम करतो. २,०४० आणि २,१०० हे दोन आकडे टाकून खांबांचा आलेख काढायला सांगितला, आणि त्यानं आपणहून तळ दोन हजाराच्या आसपास घेतला. मी काहीच केलं नव्हतं. आकडे एकमेकांच्या जवळ असले की ते तळ स्वतःच वर उचलतं. शून्य हवं असेल तर उभ्या रेघेवर उजवी टिचकी मारून Format Axis मध्ये Minimum ला हातानं 0 लिहावं लागतं.

म्हणजे ऑफिसात कुणीतरी दोन आकडे टाकले, चित्र आलं, छान दिसलं, छापलं. इतकंच झालं असण्याची शक्यता मोठी आहे. फसवायचा हेतू होताच असं धरून काकी वागली तर पोरावर अन्याय होईल.

---

जुना_अडत्या

तळ यंत्रानं उचलला असेल. पण पंधरा किलोच्या डब्याशेजारी पंधरा लिटरचा डबा यंत्रानं ठेवला नाही. 'प्रति डबा' हे शब्द माणसानं लिहिलेत, आणि तेलाच्या धंद्यातल्या माणसाला किलो-लिटर कळत नाही हे मला कुणी सांगू नये.

---

कळफलक

काका, हे मान्य. पण कागद बनवणारा तेलाच्या धंद्यातला होता हे तरी कशावरून? आमच्याकडे असे कागद बनवणारी पोरं डबा कधी बघत नाहीत. वरून आलेल्या यादीत 'बाजार: २,१००' एवढंच असतं.

---

पेठेतली लेक

मग तर पान द्यायलाच हवं! यादी बनवणाऱ्याला कळू दे की डबा उचलणारी बाई काय बघते.

---

सरळरेषा

मी उलट म्हणतो. पान दिलं की पुढच्या दुकानात तो जास्त हुशारीनं जाईल. काकीनं ते पान दुकानात भिंतीवर लावावं, बाकीचे दुकानदार बघतील.

---

गंगावेस

कळफलक आणि काका, तुम्ही दोघांनी मला अडचणीत टाकलंत, आणि बरं झालं. मी पोराला भोळा आणि ऑफिसला लबाड धरून लिहिलं होतं. ऑफिसातही एखादा विकीच बसला असेल, असा विचार केला नव्हता. काकीला तरी हे कुठं माहीत आहे? तिच्या हातात फक्त कागद आणि काटा आहे. त्यामुळं हेतूबद्दल कथेत एकही शब्द येणार नाही, हे ठरवलं. पानाचं अजून ठरत नाही.

शिरोळकर, तुमच्या सहा एकराची वेगळी कथा होते. परवानगी असेल तर लिहीन.

---

शिरोळकर

लिहा. गावाचं नाव घालू नका एवढंच.

---

जुना_अडत्या

एक राहिलं. मिसळवाला कथेत नुसता नावाला आलाय, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. समजा काकीनं काटा लावला नसता आणि हिरवा डबा घेऊन त्याला जुन्या डब्यापेक्षा तीस रुपये स्वस्त दिला असता. तो खूश होऊन घेऊन गेला असता. मिसळवाला ना खांब बघतो, ना भागाकार करतो. त्याचा कट रोजचा तेवढाच, तर्री रोजची तेवढीच, म्हणून डबा किती दिवस पुरतो हे त्याला पाठ असतं. ज्याला पंधरा किलोचा डबा दहा दिवस जातो, त्याचा हा डबा दहाव्या दिवशी सकाळी तळ दाखवणार. दिवसभराचं तेल कमी, आणि नेमकं सणात. त्यानं पुरवठादाराला फोन केला नसता. तो काकीच्या दुकानात आला असता आणि म्हणाला असता, "काकी, डबा मारलायसा काय?"

मी हे एकदा ऐकलंय. डबा मी मारला नव्हता, पण त्याच्याशी मला नीट बोलता आलं नाही, आणि ते गिऱ्हाईक परत आलं नाही.

---

गंगावेस

काका, हे मी घेते. काकी घडी घातलेलं पान हातात धरून उभी आहे, तेवढ्यात मिसळवाल्याचा पोरगा सायकलवरून येतो आणि म्हणतो, "काकी, डबा संपला, एक द्या." काकी मागून पंधरा किलोचा डबा उचलते. पान कुठं गेलं, ते आज रात्री लिहिताना बघते.